ग्रुपवर नियम मोडला जातोय? ॲडमिनला रागाचा मेसेज जाण्याआधी तो असा बदलून घ्या

मृग लागायच्या आधीचे आठ-दहा दिवस विदर्भातल्या गावागावांतले शेतीचे व्हॉट्सॲप ग्रुप भरून वाहतात. पाऊस कुठवर आला, सोयाबीनची उगवण कशी तपासायची, कोणत्या कृषी केंद्रात कोणतं वाण आलं, सगळं तिथेच विचारलं जातं. याच दिवसांत कोणीतरी बिनबिलाच्या कपाशी बियाण्याची जाहिरात टाकतो. ग्रुपच्या माहितीत ‘विक्री करू नये’ असं लिहिलेलं असतं, पण ॲडमिन काहीच बोलत नाही. मग रात्री जेवण झाल्यावर एखादा शेतकरी मोबाइल हातात घेतो आणि असा मेसेज लिहितो:

‘काय भाऊ, ग्रुप शेतीचा हाय का बियाण्याचं दुकान हाय? तो रोज बिनबिलाच्या थैल्यांची जाहिरात टाकून राह्यला आन् तुम्ही डोये मिटून बसले!!! गरिबानं एक गुड मॉर्निंग टाकलं तं लगेच नियम सांगता, याले काहून नाही? कमिशन खाता का त्याचं? नियम पाळाचे नसन तं ग्रुप बंद करून टाका. लोकं बुडले तं तुम्हीच जबाबदार.’

हा नमुना मी तयार केला आहे, पण अशा ग्रुपमध्ये असलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. लिहिणाऱ्याची तक्रार खरी आहे. तरीही हा मेसेज गेला की ॲडमिन जाहिरातीबद्दल बोलणारच नाही, तो कमिशनबद्दल बोलेल. जाहिरात तिथेच राहील आणि दोन घरांत अबोला सुरू होईल. म्हणून हाच मेसेज घेऊन तो कसा बदलायचा ते पाहू.

आधी तो दुसरीकडे लिहा

ॲडमिनच्या चॅटमध्ये मसुदा लिहू नका, बोट चुकून बाणावर पडतं. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. नव्या चॅटच्या यादीत आपलंच नाव निवडा आणि मनातलं सगळं तिथे लिहून टाका. शिवीही लिहा. राग दाबून लिहायला बसलं तर तो टोमण्यातून बाहेर येतो आणि टोमणा शिवीपेक्षा जास्त लागतो. ‘आपण सुज्ञ आहात, आपल्याला काय सांगावे’ हे वाक्य शांत दिसतं, पण गावात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा

आता मसुद्यातलं एकेक वाक्य घ्या आणि ॲडमिन त्यावर काय म्हणेल ते पाहा. ‘हो, दिसलं’ असं उत्तर येणार असेल तर ती घडलेली गोष्ट आहे. ‘कशावरून?’ असं येणार असेल तर तो आपला अंदाज आहे. उत्तरच येणार नसेल, नुसता चेहरा लाल होणार असेल, तर ते वाक्य फक्त टोचण्यासाठी लिहिलेलं आहे.

‘शेतीचा हाय का दुकान हाय’ याला उत्तर नाही, ते काढा. जाहिरातीचं वाक्य कामाचं आहे, पण त्यातला ‘रोज’ चुकीचा आहे. ग्रुपमध्ये वर सरकून मोजलं तर जाहिराती तीनच निघतात: २, ५ आणि ७ जूनच्या. ॲडमिनने ‘रोज कुठं टाकतो?’ म्हटलं की बाकीचं सगळं खरं असूनही आपण खोटे ठरतो. ‘रोज’, ‘नेहमी’, ‘सगळे’ हे शब्द दिसले की थांबा आणि मोजा. ‘बिनबिलाच्या’ हेही तपासा. जाहिरातीतच ‘बिल मिळणार नाही’ लिहिलं असेल तर ते शब्द जसेच्या तसे घ्या. नुसतं कानावर आलं असेल तर सोडून द्या.

‘डोये मिटून बसले’ हा अंदाज आहे. शेकडो सदस्यांच्या ग्रुपमध्ये पेरणीच्या घाईत ॲडमिनने ती जाहिरात पाहिलीच नसेल, हे अगदी शक्य आहे. ॲडमिनलाही शेत असतं.

कमिशनचं वाक्य पूर्ण काढा. ते सौम्य करूनही ठेवू नका. ‘लोकं म्हणून राह्यले का तुमचं काही असन’ असं लिहिलं तरी आरोप तोच राहतो. पुरावा नाही, लेखी मात्र आपलं नाव आहे आणि स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत पानटपरीवर पोचतो.

गुड मॉर्निंगचं वाक्य मात्र सोन्यासारखं आहे, आणि बहुतेक लोक शांत व्हायच्या नादात नेमकं तेच खोडतात. राग खरं तर तिथूनच आलेला असतो, साध्या माणसाला एक नियम आणि वजनदाराला दुसरा. ते ठेवा, फक्त दिशा बदला. ॲडमिनने मागे नियम लावला होता आणि त्याचा फायदा झाला, असं सांगा. मग आपण नवं काही मागत नाही, त्याचंच काम पुढे न्यायला सांगतो. त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

जबाबदारी कोणाची, ते नीट समजून घ्या

‘लोकं बुडले तं तुम्हीच जबाबदार’ हे वाक्य दोन कारणांनी टिकत नाही. पहिलं कारण कायद्याचं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही; दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत होता हे दिसावं लागतं. मजकूर पडण्याआधी तो अडवण्याची सोय ॲडमिनकडे नसते, हेही तिथे विचारात घेतलं गेलं.

दुसरं कारण रोजच्या कामाचं आहे. ॲडमिन हा बियाणे निरीक्षक नाही. त्या मेसेजमध्ये दोन तक्रारी एकमेकांत गुंतल्या आहेत. ग्रुपचा नियम मोडला, ही ॲडमिनकडे न्यायची तक्रार. बेकायदा बियाणं विकलं जातंय, ही कृषी विभागाची. तणनाशक मारलं तरी जगणारं म्हणून जे ‘चोर बीटी’ विकतात, त्याला देशात लागवडीची परवानगीच नाही. तशी जाहिरात असेल तर ॲडमिनच्या उत्तराची वाट न पाहता तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे जा. पण ‘नाहीतर मी तक्रार करतो’ अशी धमकी ॲडमिनच्या मेसेजमध्ये घालू नका. जे करायचं ते तिकडे करा.

लोक बुडतील ही काळजी मात्र ठेवायची आहे. ती कारण म्हणून लिहा. बियाणं उगवलं नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते, पण त्यासाठी बिल, थैली आणि तिच्यावरचा टॅग जपून ठेवलेला लागतो. बिलच नसेल तर तक्रार कशावर उभी करायची? हे एक वाक्य ‘तुम्हीच जबाबदार’पेक्षा जास्त वजनाचं आहे.

नियम उघडून वाचा

ग्रुपच्या नावावर टिचकी मारली की वर्णन दिसतं. नियम तिथे खरंच आहे का आणि कोणत्या शब्दांत आहे, ते पाहा. कधी कधी नियम कोणीतरी दोन वर्षांपूर्वी नुसता मेसेज म्हणून टाकलेला असतो आणि नव्या सदस्यांनी तो पाहिलेलाच नसतो. तसं निघालं तर ‘नियम मोडला’ म्हणू नका. ‘हा नियम वर्णनात लिहून ठेवाल का’ एवढंच मागा.

एकच मागणी करा, आणि ती ॲडमिनला जमेल अशी

ॲडमिन दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, फक्त ॲडमिननीच लिहावं अशी सेटिंग लावू शकतो आणि सदस्याला काढू शकतो. पण डिलीट केल्यावर कोणत्या ॲडमिनने ते केलं हे सगळ्या ग्रुपला दिसतं. जाहिरात टाकणारा त्याचा सोयरा असेल, तर त्या एका ओळीची किंमत त्याला पुढच्या लग्नात मोजावी लागते. म्हणून ‘त्याला काढा’ ही पहिली मागणी नसावी. जाहिराती डिलीट करून कोणाचंही नाव न घेता नियमाची आठवण द्यावी, एवढी मागणी पुरते. आता मेसेज असा होतो:

‘राम राम भाऊ. आपल्या ग्रुपच्या वर्णनात “बियाणे, खत, औषध यांची विक्री ग्रुपवर करू नये” असा नियम लिहेल हाय. २, ५ आन् ७ जूनले कपाशीच्या बियाण्याची जाहिरात पडली, तिच्यात “बिल मिळणार नाही” असं लिहेल हाय. तिन्हीचे स्क्रीनशॉट खाली देतो. बिल नसलं आन् बियाणं उगवलं नाही तं तक्रार टिकत नाही, आन् पेरणी आता तोंडावर हाय. मागं तुम्ही गुड मॉर्निंग बंद करायले लावले, तवापासून कामाचे मेसेज सापडतात. तसंच ह्या तीन जाहिराती डिलीट करून, कोणाचं नाव न घेता नियमाची आठवण टाकसान का?’

भाषा मुद्दाम वऱ्हाडीच ठेवली आहे. रोज ज्याला ‘भाऊ’ म्हणतो त्याला अचानक ‘महोदय, आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो’ असं लिहिलं की त्याला नोटीस आल्यासारखं वाटतं.

पाठवताना आणि पाठवल्यावर

रात्र जाऊ द्या, सकाळी एकदा मोठ्याने वाचा आणि मग पाठवा. ग्रुपवर नाही, ॲडमिनच्या वैयक्तिक नंबरवर. चारचौघांत सांगितलं की त्याला आधी स्वतःची बाजू सावरावी लागते, मग काम मागे पडतं. व्हॉइस मेसेज टाळा, आवाजातला राग शब्द बदलूनही जात नाही. स्क्रीनशॉटमध्ये इतर सदस्यांचे नंबर दिसत असतील तर ते झाका.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, म्हणून लगेच दुसरा मेसेज टाकू नका. दोन दिवस थांबा आणि एक ओळ पाठवा: ‘भाऊ, त्या जाहिरातींचं पाहिलं का?’ तरी काही नाही झालं आणि ग्रुपला दुसरा ॲडमिन असेल, तर तोच मेसेज एक शब्दही न वाढवता त्याला द्या. ‘पहिल्यानं ऐकलं नाही’ हे जोडू नका.

ॲडमिनच जाहिरात टाकणारा असेल तर ही सगळी पद्धत तोकडी पडते. तेव्हा एकदा विनंती करा. नाही ऐकलं तर ग्रुप सोडून आपल्या गटाचा वेगळा ग्रुप काढणं सोपं, आणि बियाण्याची तक्रार तालुक्याला.

बरेचदा मात्र दुपारी उत्तर येतं, ‘तो माह्या भाचा हाय, सांगतो त्याले’. त्यावर ‘मग आधीच काहून नाही सांगतलं’ हे बोटाच्या टोकाशी येईल. तिथे फक्त ‘बरं भाऊ’ लिहा आणि संध्याकाळी त्या तीन जाहिराती गेल्या का ते ग्रुपवर पाहा.