वादविवादाची आरंभीची चारोळी आणि वर्गातला मोबाइल : या चुका टाळा

शाळेतील वादविवाद स्पर्धेत पहिल्या वक्त्याच्या आधी सूत्रसंचालक चार ओळींचे पद्य म्हणतो आणि त्यातून विषय सभागृहापुढे ठेवतो. विषय ‘वर्गात मोबाइल’ असला, की या चार ओळींत ठरावीक चुका हमखास होतात. नववीच्या एका विद्यार्थ्याने माझ्याकडे आणलेला पहिला मसुदा असा होता :

मोबाईल हा शाप आहे । विद्यार्थ्यांच्या जीवनात ।
वर्गामध्ये आणू नका । अभ्यास करा जोमात ॥

यातील सर्वांत मोठी चूक छंदाची नाही. सूत्रसंचालक हा कोणत्याही बाजूचा वक्ता नसतो, आणि इथे तर स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच त्याने निकाल देऊन टाकला आहे. ‘शाप’, ‘व्यसन’, ‘वरदान’, ‘क्रांती’ असे शब्द पद्यात आले, की एका संघाचे पहिले वाक्य आपण फुकट बोलून देतो आणि दुसऱ्या संघाला आपल्याच पद्याचे खंडन करत उभे राहावे लागते. हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की लिहिलेले पद्य एकदा अनुकूल वक्त्याला आणि एकदा प्रतिकूल वक्त्याला वाचायला द्यावे आणि त्यातील कोणती ओळ आपल्या भाषणात वापरता येईल, असे विचारावे. दोघांनी सारख्याच ओळी निवडल्या, किंवा प्रत्येकाला आपापल्या सोयीची एकेक ओळ सापडली, तर पद्य तोलाचे आहे. एकालाच सगळे सापडले, तर ते पुन्हा लिहावे.

दुसरी चूक विषयाच्या हद्दीची आहे. ‘विद्यार्थ्यांच्या जीवनात’ म्हटले, की घरचा मोबाइल, रात्रीचे खेळ, डोळ्यांचे विकार असे सगळेच चर्चेत शिरते. प्रस्ताव मात्र वर्गापुरता असतो. त्यातही ‘शाळेत’, ‘वर्गात’ आणि ‘तासाला’ हे तीन शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत, कारण मधल्या सुट्टीत वर्गात बसून मोबाइल पाहणारा विद्यार्थी ‘वर्गात’ असतो, पण ‘तासाला’ नसतो. प्रस्तावात जो शब्द असेल, त्याच्याशी पद्य जुळले पाहिजे. आमचा प्रस्ताव ‘तास चालू असताना विद्यार्थ्यांना मोबाइल वापरू द्यावा’ असा होता, म्हणून पद्यात ‘तास’ यायलाच हवा होता.

आता छंद. मुलांसाठी मी अष्टाक्षरी सुचवतो, कारण तिची चाल छोट्या अभंगामुळे कानात बसलेली असते आणि तिच्यात लघु-गुरू मोजावे लागत नाहीत. प्रत्येक चरणात आठ अक्षरे असावीत आणि दुसऱ्या व चौथ्या चरणाचे यमक जुळावे, एवढाच नियम आहे. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, म्हणून ‘विद्यार्थ्यांच्या’ हा भारदस्त शब्दही चारच अक्षरांचा ठरतो. वरच्या मसुद्याचा पहिला चरण या मोजणीत नऊ अक्षरांचा भरतो, म्हणजे ‘हा’ जास्तीचा आहे. बाकीचे तीन चरण आठाचे आहेत.

पण मोजणी बरोबर असूनही ओळ अडखळते, असा अनुभव येतो आणि मुले गोंधळतात. त्याचे कारण बहुतेक वेळा चौथ्या अक्षरावर सापडते. अष्टाक्षरी म्हणताना आवाज चार-चार अक्षरांनी टेकतो, आणि नेमका त्याच जागी शब्द मोडला, तर ओळ लंगडते. त्या विद्यार्थ्याने पुढे ‘की घंटा होईपर्यंत’ असा चरण लिहिला. अक्षरे आठच, पण टाळी ‘की घंटा हो’ एवढ्यावर पडते आणि ‘ईपर्यंत’ हा तुकडा एकटा उरतो. ‘अभ्यास करा जोमात’ या चरणातही ‘अभ्यास क’ आणि ‘रा जोमात’ अशी तोडफोड होते. म्हणून चरण कागदावर मोजण्याऐवजी दर चार अक्षरांना टाळी देऊन म्हणून पाहावा, म्हणजे दोष लगेच ऐकू येतो.

यमकाच्या बाबतीत ‘जीवनात’ आणि ‘जोमात’ ही जोडी दिसायला जुळते, पण जुळलेला असतो तो केवळ सप्तमीचा शेवट. कितीतरी नामे ‘-आत’ लावून अशी जुळवता येतात, म्हणूनच कानाला त्यात गंमत वाटत नाही. ‘करतो-बोलतो’ या जोडीचेही तसेच आहे. ‘छोटा’ आणि ‘मोठा’ ही जोडी तर फसवी आहे, कारण ‘ट’ आणि ‘ठ’ वेगळे आहेत. ‘छोटा’ला ‘तोटा’ हवा. ‘मोबाइल’ हा शब्द चरणाच्या शेवटी ठेवूच नये, असे माझे मत आहे. त्याला यमक म्हणून ‘फाइल’ आणि ‘स्माइल’ एवढेच हाती लागते आणि सभागृह हसते. शिवाय बोलताना त्यातील ‘इ’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळतात, त्यामुळे लिहिताना चार अक्षरांचा असलेला शब्द म्हणताना तीनाचाच वाटतो. पद्यात ‘फोन’ घ्यावा आणि ‘मोबाइल’ प्रस्तावाच्या गद्य वाक्यासाठी ठेवावा.

दुरुस्तीनंतरचे पद्य असे झाले :

दप्तराच्या कप्प्यामध्ये । फोन आहे एक छोटा ।
कोणी म्हणे लाभ यात । कोणी म्हणे आहे तोटा ॥
घंटा होई तोवर तो । दप्तरात बंद राहो? ।
की तासात शिकताना । तो हातात घ्यावा का हो? ॥

यातही एक फेरबदल शेवटच्या क्षणी करावा लागला. आधी उत्तरार्धात हातात घेण्याची ओळ पुढे आणि बंद ठेवण्याची ओळ मागे होती. पूर्वार्ध ‘तोटा’वर संपतो आणि उत्तरार्धही ‘बंद राहो’वर संपला असता, तर दोन्ही यमके विरोधी बाजूच्या पदरात पडली असती. यमकाचा शब्द श्रोत्याच्या कानात सर्वांत जास्त वेळ राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक शेवट मिळाला पाहिजे. त्यासाठी ओळींची अदलाबदल करून काही शब्द बदलले. ‘लाभ यात’च्या जागी ‘फायदाच’ बसवण्याचा मोह त्या विद्यार्थ्याला झाला होता आणि अक्षरेही चारच भरत होती, पण त्या एका ‘च’ने पारडे दुसरीकडे झुकले असते.

एक अडचण पद्याबाहेरची आहे. प्रस्ताव ‘मोबाइलवर बंदी असावी’ असा असेल, तर अनुकूल वक्ता हा मोबाइलचा विरोधक ठरतो, आणि पद्य ऐकून बसलेल्या श्रोत्यांना अनुकूल म्हणजे मोबाइलच्या बाजूचा असे वाटत राहते. म्हणून पद्य संपल्यावर दोन क्षण थांबून प्रस्तावाचे वाक्य शब्दशः, गद्यात वाचावे आणि कोणता संघ नेमके काय मांडणार आहे, तेही सांगावे. पद्यानेच विषय कळला असे समजून हे वाक्य गाळणारे सूत्रसंचालक मी बरेच पाहिले आहेत. मग परीक्षकांपैकी कोणीतरी हळूच शेजाऱ्याला विचारते, ‘बंदीच्या बाजूने कोण?’

म्हणताना शेवटचा ‘का हो?’ प्रश्न म्हणून वर उचलावा. तो खाली उतरवला, तर ‘हो’ हा होकार वाटतो आणि तोलून लिहिलेली ओळ एका बाजूची होऊन बसते.