व्होलॅटिलिटी कोन : शुक्रवारी ऑप्शन ‘स्वस्त’ दिसतो तेव्हा या चुका टाळा

सप्टेंबर २०२५ नंतर लोकांनी दाखवायला आणलेल्या बहुतेक एक्सेल शीटमध्ये मला एकच आजार दिसतो. निफ्टीचा कोन काढलेला असतो, रंगरंगोटी झकास असते आणि आजच्या आयव्हीचा, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत गृहीत धरलेल्या वार्षिक चढउताराचा, ठिपका गुरुवारी, शुक्रवारी हमखास तळाशी बसलेला असतो. शीटचा मालक खूश. ऑप्शन स्वस्त आहेत, घेऊन टाकू! बाजार दर आठवड्याला नेमक्या त्याच दोन दिवशी मूर्ख होतो, ही शंकासुद्धा कुणाला येत नाही.

आधी हा कोन, म्हणजे शंकूसारखं चित्र, काय असतो ते सांगतो. एक्स्पायरीला २ दिवस उरलेले असताना मागच्या काळात एटीएम, म्हणजे चालू भावाच्या सगळ्यात जवळच्या स्ट्राइकची, आयव्ही किती किती होती, ते सगळे आकडे एका रांगेत लावायचे. ३ दिवसांची वेगळी रांग, १० दिवसांची वेगळी, ३० ची वेगळी. प्रत्येक रांगेतला खालचा दशांश, म्हणजे ज्याच्या खाली दहा टक्के आकडे येतात तो, मधला आकडा, वरचा दशांश काढून रेषा जोडल्या की जवळच्या एक्स्पायरीकडे रुंद आणि लांबच्या एक्स्पायरीकडे निमुळता होत जाणारा आकार मिळतो. त्यावर आजची आयव्ही ठेवायची. ‘आयव्ही जास्त की कमी’ या प्रश्नाला ‘उरलेला वेळ तेवढाच असताना’ ही अट जोडली जाते, एवढाच या चित्राचा फायदा. अट मोडली की चित्र गेलं. बर्गहार्ट आणि लेन यांनी १९९० मध्ये कोन मांडला तो प्रत्यक्ष झालेल्या चढउतारांवरून. आपण इथे आयव्हीचाच इतिहास घेतोय. या दोन कोनांची सरमिसळ करू नका. आयव्ही साधारणपणे प्रत्यक्ष चढउतारापेक्षा वरच असते, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या कोनावर ऑप्शन बहुतेक वेळा महागच दिसणार.

आता तो आजार. ऐरोलीत आयटीत काम करणारा एक मुलगा शनिवारी नौपाड्यात आमच्या बैठकीला येतो. हुशार आहे, पायथन माझ्यापेक्षा चांगलं येतं, फक्त घाई फार. त्याने २०१९ पासूनचा निफ्टीच्या वीकली ऑप्शनचा इतिहास गोळा केला होता. (त्याच्या मागे जाताच येत नाही, कारण निफ्टीच्या वीकली त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सुरू झाल्या.) रांगा ट्रेडिंग दिवसांच्या लावल्या होत्या, तेही बरोबर. २ ट्रेडिंग दिवस उरलेल्या रांगेत, समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल करतो, खालचा दशांश ११, मधला आकडा १४, वरचा दशांश २२. आणि शुक्रवारी बाजार बंद होताना ब्रोकरच्या स्क्रीनवर आयव्ही दिसायची १० च्या आसपास. म्हणजे खालच्या दशांशाच्याही खाली. गडी दर शुक्रवारी स्ट्रॅडल, म्हणजे एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट दोन्ही, विकत घ्यायचा. सोमवारी प्रीमियम वितळायचा. मला म्हणाला, “सर, कोन तर स्वस्त सांगतोय, मग पैसे कुठे जातात?”

मी विचारलं, “रांग कुठल्या दिवसांची? आणि आयव्ही कुठल्या दिवसांची?” तो गप्प झाला.

२८ ऑगस्ट २०२५ पर्यंत निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी होती. २ सप्टेंबरपासून ती मंगळवारी आली. जुन्या पद्धतीत २ ट्रेडिंग दिवस उरायचे ते मंगळवारी संध्याकाळी, तेव्हा कॅलेंडरवरही दोनच दिवस असायचे. नव्या पद्धतीत २ ट्रेडिंग दिवस उरतात शुक्रवारी संध्याकाळी, आणि कॅलेंडरवर मात्र चार, कारण मध्ये शनिवार-रविवार बसलाय. स्क्रीनवरची आयव्ही वर्षाचे ३६५ दिवस धरून काढलेली होती. तिच्या हिशेबाने प्रीमियम चार दिवसांवर वाटला गेला, म्हणून आकडा पडला.

रुपयांत बघा. निफ्टी २५,००० वर आहे आणि एटीएम स्ट्रॅडल २०९ पॉइंटला मिळतेय. एटीएम स्ट्रॅडलची किंमत ढोबळमानाने निफ्टीचा ०.८ पट गुणिले उरलेल्या काळातला अपेक्षित चढउतार, म्हणून २०९ भागिले २०,००० केलं की सुमारे १.०४५ टक्के येतात. हा जुना मंगळवार असेल तर कॅलेंडर हिशेबाने आयव्ही १४.१. हाच नवा शुक्रवार असेल तर १०. किंमत तीच, ट्रेडिंगचे दिवस तेवढेच, आयव्हीत मात्र जवळपास ३० टक्क्यांची तफावत. ऐरोलीकराला सापडलेला ‘स्वस्त’ ऑप्शन हा असा होता. निफ्टी जागचा हलला नाही तर हीच २०९ ची स्ट्रॅडल सोमवारी बंद होताना १४८ च्या आसपास येते, कारण दोनपैकी एक ट्रेडिंग दिवस संपलेला असतो. पैसे तिथे जात होते.

माझी सवय अशी की, इतिहास असो वा आजचा आकडा, सगळं आधी ट्रेडिंग दिवसांच्या घड्याळावर आणायचं आणि मगच कोनाला हात लावायचा. A मध्ये तारीख, B मध्ये एक्स्पायरी, C मध्ये कॅलेंडर हिशेबाची आयव्ही:

```
d  = NETWORKDAYS(A2, B2, Holidays) - 1
IV = C2 * SQRT(((B2-A2)/365) / (d/252))
```

शेवटचा -१ गाळू नका, NETWORKDAYS दोन्ही टोकांचे दिवस मोजतं. आणि सुट्ट्यांची यादी एक्स्चेंजच्या परिपत्रकावरून हाताने भरा. १ फेब्रुवारी २०२५ ला बजेटसाठी बाजार शनिवारी चालू होता. NETWORKDAYS ला ते कळत नाही, तुम्हाला कळायला हवं.

हा हिशेब लावल्यावर त्याच्या रांगेचे ११, १४, २२ झाले ९.१, ११.६, १८.३. आणि शुक्रवारची १० झाली ११.७५. ठिपका तळातून उठून मधल्या रेषेला चिकटला. ना स्वस्त, ना महाग.

यावर कुणीतरी हात वर करतंच : शनिवार-रविवारी बातम्या येत नाहीत का? येतात. पण वीकेंड धरूनचा चढउतार साध्या एका दिवसापेक्षा थोडाच जास्त असतो, तिप्पट नाही. अमेरिकन शेअर्सवर फ्रेंच आणि रोल यांनी १९८६ मध्ये मोजलं तेव्हा व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचा वर्ग, सुमारे १०.७ टक्केच जास्त निघाला. वीकेंडला दिवसाचा एक दशांश दिला, म्हणजे २ ऐवजी २.१ दिवस धरले, तर ११.७५ चे साधारण ११.५ होतात. निष्कर्ष तोच राहतो.

तुमच्या शीटला हा आजार आहे का, हे ओळखायला कोड वाचावा लागत नाही. पर्सेंटाइल वारानुसार वेगळे करा. मंगळवारच्या एक्स्पायरीत बुधवारी ४ ट्रेडिंग आणि ६ कॅलेंडर दिवस उरतात. जुन्या पद्धतीत शुक्रवारीही नेमके तेवढेच उरायचे, म्हणून बुधवार ठीक दिसतो. सोमवारी एकच दिवस उरतो, तोही ठीक. बिघडतात गुरुवार आणि शुक्रवार. बुधवारी मध्यावर, गुरुवार-शुक्रवारी तळाला, सोमवारी पुन्हा मध्यावर, अशी चाल दर आठवड्याला दिसली की घड्याळ चुकलंय. सेन्सेक्सची एक्स्पायरी याच बदलात मंगळवारवरून गुरुवारी गेली, तिथे उलटं होतं. नव्या ठिपक्यांना शेवटच्या दिवसांत वीकेंडच नाही, म्हणून ते महाग दिसतात.

ब्रोकर कुठलं घड्याळ वापरतो ते कस्टमर केअरला विचारत बसू नका. वरचे १.०४५ टक्के एकदा ४/३६५ च्या वर्गमुळाने भागा, एकदा २/२५२ च्या. स्क्रीनवरचा आकडा ज्याच्या जवळ असेल ते त्याचं घड्याळ.

दुसरी चूक विकणाऱ्यांची, आणि ती जास्त महाग पडते : एक्स्पायरीपर्यंतच्या दिवसांत एखाद्या निकालाचा दिवस आहे हे न बघता ‘९५ व्या पर्सेंटाइलला आहे, विका’ म्हणणं. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल होता, गुरुवारी ६ जूनला एक्स्पायरी. ३ तारखेला संध्याकाळी ३ ट्रेडिंग दिवसांच्या रांगेत आयव्ही वरच्या टोकाला असणारच होती, कारण रांगेतले बाकी जवळजवळ सगळे दिवस साधे होते. दुसऱ्या दिवशी निफ्टी ५.९ टक्के पडला.

अशा वेळी मी निकालाचा दिवस वेगळा काढतो. समजा ट्रेडिंग घड्याळावर आयव्ही ३० आहे आणि त्या रांगेचा मधला आकडा १२. तीन दिवसांचा एकूण व्हेरियन्स ३ × ९०० = २,७००. त्यातून दोन साधे दिवस, म्हणजे २ × १४४ = २८८ वजा करा. उरले २,४१२, त्याचं वर्गमूळ ४९. त्याला २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे १५.९ ने भागलं की ३.१ टक्के. बाजार निकालाच्या एका दिवसासाठी एवढी हालचाल मागतोय. आता प्रश्न बदलला : निकालाच्या दिवसासाठी ३.१ टक्के जास्त आहेत का? याचं उत्तर कोनात नाही. मे २००९ मध्ये निकालानंतरच्या सोमवारी निफ्टी १७.७ टक्के वर गेला होता, २०१९ च्या निकालाला एक टक्काही हलला नाही. एवढ्याशा नमुन्यावर पर्सेंटाइल काढणाऱ्याला मी तरी माझे पैसे देणार नाही. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, बजेट, शेअर ऑप्शनमध्ये तिमाही निकाल, सगळीकडे हाच हिशेब.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत, पण रोज दिसतात. चार दिवसांच्या वीकलीची आयव्ही इंडिया व्हिक्सच्या इतिहासावर ठेवू नका. व्हिक्स ३० कॅलेंडर दिवसांचा असतो. जुलैतल्या ठाण्याच्या एका दिवसाचा पाऊस वर्षाच्या सरासरीशी तोलून ‘आज फार पडला’ म्हणण्यासारखं ते आहे. ब्रोकरच्या ॲपमधला ‘आयव्ही पर्सेंटाइल’ कुठल्या मुदतीचा आहे हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा सोडून द्या. एटीएम स्ट्राइक निवडताना स्पॉट नको, त्याच एक्स्पायरीचा फॉरवर्ड घ्या, नाहीतर कॉलची आणि पुटची आयव्ही वेगळी दिसेल आणि तुम्ही सोयीची निवडाल. कोनाची सगळ्यात वरची रेषा मार्च २०२० ने ठरवलेली असते. २४ मार्चला व्हिक्स ८३ च्या वर बंद झाला होता. त्या रेषेपासूनचं अंतर मोजून ‘अजून जागा आहे’ म्हणू नका, दशांशाच्या रेषा वापरा. लांबच्या मुदतीत कोन निमुळता दिसतो त्यावरही फार विसंबू नका. ६० दिवसांच्या रांगेत शेकडो आकडे असले तरी शेजारशेजारचे दिवस जवळजवळ सारखेच असतात, खरी वेगळी निरीक्षणं वर्षाला मोजकीच. आणि एक्स्पायरीच्या दिवसाची रांग मी ठेवतच नाही. दुपारनंतर पन्नास पैशांच्या फरकाने आयव्ही कुठेही उडते, मिनिटांच्या हिशेबाशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

ऐरोलीच्या मुलाने परवा नवं शीट पाठवलं. घड्याळ दुरुस्त केलंय, पण सुट्ट्यांची यादी कुठल्याशा वेबसाइटवरून उचललीय आणि त्यात मुहूर्त ट्रेडिंगचा तास पूर्ण दिवस म्हणून मोजलाय. परत पाठवलं.