ऑफर लेटरमधला स्टायपेंड मिळालाच नाही? पत्र असं लिहा

गोकुळ शिरगाव, शिरोली एमआयडीसीत इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींनो, "पुढच्या महिन्यात बघू" असं ऐकत ऐकतच इंटर्नशिप संपली असेल तर आता तोंडी विचारणं बंद करा आणि लेखी मागा, कबूल केलेले पैसे मागायला लाज कसली.

आधी ऑफर लेटर काढून स्टायपेंडची ओळ नीट वाचा. 'दरमहा ८,००० रुपये' असं असेल तर तुमची बाजू पक्की, पण '८,००० पर्यंत' किंवा 'कामगिरीनुसार' असं असेल तर थेट आकडा मागू नका, हिशोब कसा केला ते पहिलं लेखी विचारा. कंपनीचा मेल बंद व्हायच्या आत ऑफर लेटर, हजेरी आणि स्टायपेंडबद्दलचे मेल स्वतःकडे घेऊन ठेवा. कंपनीची ड्रॉइंग, कस्टमरचा डेटा मात्र अजिबात उचलू नका, ते उलट तुमच्यावरच शेकतं.

समजा १५ जानेवारी ते १४ एप्रिल काम केलं, एक रुपयाही आला नाही, तर पत्र एवढंच:

"विषय: थकीत स्टायपेंड २४,००० रुपये मिळणेबाबत

आदरणीय सर,
आपल्या २ जानेवारीच्या ऑफर लेटरमधील कलम ४ मध्ये 'दरमहा ८,००० रुपये स्टायपेंड' असे नमूद आहे. मी १५ जानेवारी ते १४ एप्रिल असे तीन महिने काम पूर्ण केले. त्याचे २४,००० रुपये अद्याप मिळालेले नाहीत. कृपया ही रक्कम १५ मे पर्यंत माझ्या खात्यात जमा करावी. काही अडचण असल्यास त्याच तारखेच्या आत लेखी कळवावे. इथे शिकायला मिळाले, त्याबद्दल आभारी आहे."

खाली नाव, सही, तारीख, सोबत ऑफर लेटर आणि हजेरीची झेरॉक्स, बँक डिटेल्स. कलमातले शब्द जसेच्या तसे उतरवा, कारण समोरच्याला नाकारायला तिथंच जागा उरत नाही. घरची अडचण, कोण कसं बोललं, पोलिसात जातो, यातलं काही नको, नाहीतर उत्तर त्यावरच येतं आणि पैशाचा मुद्दा बाजूला पडतो.

पत्र ऑफर लेटरवर ज्यांची सही आहे त्यांच्या नावे आणि सोबत एचआरला मेल करा, शिवाय एक प्रत ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

आता खरी अडकायची जागा सांगतो. सर्टिफिकेट देताना 'सर्व देणी मिळाली' अशा फॉर्मवर सही मागतात आणि कॉलेजात सबमिशन तोंडावर असतं म्हणून पोरं करून टाकतात, मग पुढं तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतात. सही करायचीच वेळ आली तर 'स्टायपेंड २४,००० रुपये येणे बाकी' असं हातानं लिहून मगच करा, आणि फोटो काढून ठेवा.

तारीख उलटून गेली तर एकच आठवणीचा मेल, मग वकिलाची नोटीस. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, महिलांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथं मोफत मदत मिळते. अशा करारातल्या पैशासाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती पैसे द्यायच्या तारखेपासून धरतात, म्हणजे तुम्ही पत्र पाठवलं त्या दिवसापासून नाही.