फ्लोचार्टमध्ये न दिसलेलं अकरावं मिनिट: आकृती निवडताना या चुका टाळा

तिकीट विकणाऱ्या एका सिस्टिमवर काम करत होतो, तेव्हाची गोष्ट. नियम एका वाक्यात मावणारा होता. ग्राहकाने सीट निवडली की ती १० मिनिटं त्याच्यासाठी अडवून ठेवायची, तेवढ्यात पैसे आले तर बुकिंग पक्कं, नाही आले तर सीट मोकळी. डॉक्युमेंटमध्ये यासाठी एक नीटनेटका फ्लोचार्ट होता आणि कोडही त्याला धरूनच लिहिलेला होता. तरी तक्रार आली. ग्राहकाचे पैसे कापले गेले, तिकीट मात्र नाही, आणि ती सीट तोवर दुसऱ्या कुणीतरी घेतलेली.

लॉग उघडला तर पेमेंट गेटवेचा ‘पैसे मिळाले’ हा निरोप सीट अडवल्यापासून १० मिनिटं ४० सेकंदांनी आला होता. फ्लोचार्टमध्ये बघितलं तर कुणाचीच चूक नव्हती, कारण त्या चाळीस सेकंदांना तिथे जागाच नव्हती. त्या एका वर्तनाची आकृती आम्ही पुढे फ्लोचार्ट, स्टेट, सीक्वेन्स आणि अ‍ॅक्टिव्हिटी अशा चारही प्रकारांनी काढून पाहिली. त्यात झालेल्या चुका इथे लिहितो आहे.

वाट बघण्याला हो-नाहीचा प्रश्न समजणे

आमच्या फ्लोचार्टच्या मधोमध एक डायमंड होता: ‘पैसे आले का?’ हो असेल तर बुकिंग पक्कं, नाही असेल तर सीट मोकळी. वाचायला सोपं, म्हणून रिव्ह्यूमध्ये कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

फ्लोचार्ट वाचताना आपण बोट ठेवून पुढे जातो आणि ते बोट एका वेळी एकाच चौकटीवर असतं. डायमंडपाशी पोचलं की प्रश्न तिथल्या तिथे विचारला जातो आणि उत्तरही लगेच मिळतं. कार्ड नंबर १६ अंकी आहे का, सीट या वर्गातली आहे का, असले प्रश्न त्यात चपखल बसतात. ‘पैसे आले का?’ हा तसा प्रश्नच नाही. ते वाट बघणं आहे, आणि उत्तर बाहेरून, त्याच्या सवडीने येणार आहे. शिवाय इथल्या ‘नाही’चे दोन अर्थ होतात. एक ‘अजून नाही’ आणि दुसरा ‘आता वेळ संपली’. आणि वेळ संपल्यावर आले तर? ‘नाही’चा बाण धरून बोट खाली निघून गेलेलं असतं, ते परत डायमंडपाशी येत नाही.

ही चूक झाली आहे हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. डायमंडमधल्या प्रश्नाचं उत्तर दुसरी सिस्टिम किंवा माणूस देणार असतो. डायमंडमधून निघालेला बाण फिरून त्याच डायमंडला लागतो. किंवा एखाद्या चौकटीत ‘थांबा’ असं लिहिलेलं असतं. यातली एक जरी खूण दिसली तरी मी फ्लोचार्ट बाजूला ठेवतो आणि वस्तू कोणकोणत्या अवस्थांतून जाते हे दाखवणारा स्टेट डायग्रॅम काढायला घेतो.

स्टेट डायग्रॅम काढला, पण चुकीच्या वस्तूचा

पहिल्या प्रयत्नात आम्ही सीटच्या अवस्था काढल्या: मोकळी, अडवलेली, विकलेली. दिसायला बरोबर होतं. पण १० मिनिटं संपली की सीट ‘मोकळी’वर परत जाते आणि पहिल्या ग्राहकाची आठवण तिथेच पुसली जाते. उशिरा आलेले पैसे कुणाचे, हे त्या आकृतीला सांगताच येत नाही. सीट आणि बुकिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आमची तक्रार बुकिंगबद्दल होती. म्हणून अवस्था काढण्याआधी एक ओळ लिहायची सवय लावून घेतली: ‘ही आकृती अमुक एका बुकिंगची.’ ती ओळ लिहिता येत नसेल तर आकृतीत दोन वस्तू मिसळल्या आहेत असं समजायचं.

दुसरी गफलत नावांची. कुणीतरी ‘पैसे तपासणे’ अशी अवस्था काढली होती. ते काम झालं, अवस्था नव्हे. ओळखायला एक साधी कसोटी आहे: त्या क्षणी सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला, तर डेटाबेसमध्ये बुकिंगसमोर काय लिहिलेलं दिसेल? जे दिसेल ती अवस्था. ‘पैसे तपासणे’ असं तिथे काहीच दिसणार नव्हतं.

बुकिंगच्या अवस्था उरल्या तीन, `HELD`, `PAID` आणि `EXPIRED`. घटना दोन: `payment_ok` आणि `timeout`. यानंतर आकृतीकडे बघत बसण्यापेक्षा कागदावर तक्ता आखावा. अवस्था आडव्या ओळींत, घटना उभ्या रकान्यांत, म्हणजे सहा घरं. आमच्या आकृतीत बाण होते फक्त दोन, दोन्ही `HELD`मधून निघालेले. चार घरं रिकामी. त्यातली तीन बिनधोक होती: पैसे भरून झाल्यावर टायमर वाजला, गेटवेने तोच निरोप पुन्हा पाठवला, किंवा मुदत संपलेल्या बुकिंगचा टायमर परत वाजला, तर काहीच करायचं नाही. चौथं घर `EXPIRED` आणि `payment_ok` यांचं. तक्रार नेमकी त्याच घरात बसली होती.

रिकामं घर म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’ असं आपल्याला वाटतं. यूएमएल या आकृत्यांच्या प्रमाण भाषेच्या नियमाप्रमाणे तसं नाही. चालू अवस्थेत एखाद्या घटनेसाठी बाण नसेल आणि ती घटना नंतरसाठी राखूनही ठेवलेली नसेल, तर ती सरळ टाकून दिली जाते, कसलीही चूक न दाखवता. म्हणजे आमची आकृती काटेकोरपणे वाचली तर ती म्हणत होती: उशिरा आलेले पैसे विसरून जा. कोडनेही तेच केलं होतं.

दुरुस्त केलेली आकृती मर्मेडमध्ये, म्हणजे मजकूर लिहून आकृती काढणाऱ्या साधनात, अशी झाली:

```
stateDiagram-v2
    [*] --> HELD : hold
    HELD --> PAID : payment_ok
    HELD --> EXPIRED : timeout
    EXPIRED --> PAID : payment_ok [seat free]
    EXPIRED --> REFUND_DUE : payment_ok [seat taken]
```

चौकटी कंसातली अट महत्त्वाची आहे. सीट अजून मोकळी असेल तर उशिरा का होईना, ग्राहकाला तिकीट द्यायचं, आणि गेली असेल तर रिफंड. हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेण्यासारखा नव्हता, पण तो घ्यायला हवा हे तक्ता आखेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. `REFUND_DUE` आल्यावर तक्त्याला एक ओळ वाढते आणि ती घरंही भरावी लागतात, हे विसरू नका.

या आकृतीचा आणखी एक फायदा म्हणजे बाण जवळजवळ जसाच्या तसा कोडमध्ये उतरतो:

```
UPDATE booking SET status = 'PAID'
WHERE id = ? AND status = 'HELD';
```

शून्य ओळी बदलल्या तर समजायचं की निरोप पोचेपर्यंत बुकिंग `HELD`मध्ये उरलं नव्हतं, आता दुसरे बाण तपासायचे. टायमर आणि पैसे एकाच सेकंदाला आले तरी दोघांतला एकच जिंकतो. `EXPIRED`मधून `PAID`कडे जाताना मात्र सीट पुन्हा अडवणं आणि बुकिंगची नोंद बदलणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवं, नाहीतर तीच सीट दोघांना विकली जाईल.

सीक्वेन्स डायग्रॅममध्ये सगळ्या शक्यता कोंबणे

कोणते मार्ग आहेत हे स्टेट डायग्रॅमने सांगितलं, पण त्या दिवशी कोण कुणाशी काय बोललं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सीक्वेन्स डायग्रॅम. आमच्या एका सहकाऱ्याने त्यात वेळेत पैसे, उशिरा पैसे, पैसेच नाहीत आणि दोनदा पैसे असे चारही प्रसंग पर्यायी वाटा दाखवणाऱ्या `alt`च्या चौकटीत चौकट घालून काढले. स्क्रीनवर मावेना, आणि मावला तरी वाचवेना. मी एका सीक्वेन्समध्ये एकच प्रसंग ठेवतो आणि प्रसंगाचं नाव माथ्यावर लिहितो: ‘पैसे १० मिनिटांनंतर आले, सीट गेलेली’. `alt`च्या आत दुसरा `alt` घालावासा वाटला की दुसरी आकृती करायची वेळ झाली.

इथे एक सापळा आहे, ज्यात अनुभवी लोकही अडकतात. सीक्वेन्समध्ये बोलणाऱ्या प्रत्येकाची एक उभी रेषा असते, आणि एकाच उभ्या रेषेवरच्या गोष्टी वरून खाली क्रमाने घडतात, हे खरं. पण दोन वेगळ्या रेषांवर एक गोष्ट वर आणि एक खाली काढली, म्हणून वरची आधी घडली असं ठरत नाही; निरोपांच्या बाणांनी त्या जोडलेल्या असतील तरच क्रम पक्का. आमच्या आकृतीत गेटवेच्या रेषेवर ‘पैसे कापले’ हे टायमरच्या वर होतं, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की निरोपही टायमरच्या आधीच पोचेल. पैसे खरोखरच नवव्या मिनिटाला कापले गेले होते. निरोप वाटेत रेंगाळला. तो बाण आता आम्ही तिरका काढतो, टायमरच्या खाली उतरणारा, म्हणजे उशीर डोळ्यांना दिसतो.

अ‍ॅक्टिव्हिटी डायग्रॅमला फ्लोचार्टचा थोरला भाऊ समजणे

दोन्ही सारखे दिसतात, आणि मर्मेडमध्ये तर अ‍ॅक्टिव्हिटीसाठी वेगळा प्रकारच नाही, त्यामुळे लोक फ्लोचार्ट काढून त्यालाच अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. फरक एका ठिकाणी फार महागात पडतो. फ्लोचार्टमध्ये एका चौकटीत दोन बाण आले तर अर्थ होतो ‘इकडून किंवा तिकडून’. यूएमएल २मध्ये तसेच दोन बाण एका कृतीत आले तर अर्थ होतो ‘दोन्हीकडून आल्यावरच’. आम्ही ‘तिकीट द्या’ या कृतीला वेळेवरच्या पैशांचा एक बाण आणि उशिराच्या पैशांचा दुसरा बाण थेट लावला होता. नियमाने वाचलं तर ती कृती कधी सुरूच होणार नाही, कारण एका बुकिंगला दोन्ही वाटांनी पैसे येत नाहीत. आधी रिकाम्या डायमंडमध्ये दोन्ही बाण एकत्र आणायचे आणि तिथून एकच बाण कृतीकडे न्यायचा.

अ‍ॅक्टिव्हिटी आम्हाला कामी आली ती बुकिंग पक्कं झाल्यानंतर. तिकिटाची पीडीएफ, ईमेल आणि हिशोबाची नोंद ही तीन कामं. पीडीएफ झाल्याशिवाय ईमेल जाऊ शकत नाही, पण हिशोबाची नोंद कुणासाठी अडत नाही. जाड आडव्या रेषेतून दोन फाटे काढले, एकात पीडीएफ आणि मग ईमेल, दुसऱ्यात हिशोब, आणि शेवटी पुन्हा जाड रेषेवर दोन्ही जोडले. मर्मेडसारख्याच प्लांटयूएमएल या साधनात `fork`, `fork again` आणि `end fork` अशा तीन शब्दांत हे होतं. समांतर काही चालत नसेल तर मी अ‍ॅक्टिव्हिटी काढत नाही.

डॉक्युमेंटमध्ये शेवटी बुकिंगचा स्टेट डायग्रॅम, शेजारी तो तक्ता आणि अकराव्या मिनिटाचा एक सीक्वेन्स ठेवला. फाट्यांची अ‍ॅक्टिव्हिटी वेगळ्या पानावर गेली. जुना फ्लोचार्ट काढून टाकला, पण दुसरा एक छोटा आला. रिफंडची रक्कम ठरवताना सवलत वापरली होती का, सेवाशुल्क परत करायचं का, अर्धं तिकीट होतं का, असे तीन प्रश्न एकामागून एक विचारले जातात, आणि तिन्ही उत्तरं त्याच फंक्शनच्या हातात असतात.