नोकरी सांभाळून कोर्स: अर्जित रजेचे तुकडे कसे पाडावेत

राज्य शासनाच्या पाच दिवसांच्या आठवड्याच्या कार्यालयात काम करणाऱ्याला दूरशिक्षणाच्या संपर्कसत्रांसाठी सलग रजेपेक्षा तुकड्यातली रजा स्वस्त पडते. कारण साधं आहे. अर्जित रजेच्या मध्ये आलेले शनिवार-रविवार रजेत मोजले जातात, पण आगेमागे येणारे परवानगीने जोडून घेता येतात, ते रजेतून वजा होत नाहीत. सलग चार आठवडे घेतले तर २६ दिवस खर्च होतात. सोमवार ते शुक्रवार असे चार वेगळे तुकडे घेतले तर २०.

समजा सत्रं ३ ते ७ ऑगस्ट २०२६, ५ ते ९ ऑक्टोबर, १६ ते २० नोव्हेंबर आणि ४ ते ८ जानेवारी २०२७ अशी आहेत. १ जुलैला खात्यात जमा होणारे १५ दिवस पहिल्या तीन तुकड्यांना पुरतात. चौथा तुकडा १ जानेवारीच्या जमेतून जातो, म्हणजे जुनी शिल्लक हलत नाही. तरी सेवापुस्तकातलं रजेचं खातं आधी आस्थापनेकडून तपासून घ्या.

घोळ होतो तो सत्राला जोडून सोमवारी तोंडी परीक्षा लागली की. एका दिवसासाठी किरकोळ रजा टाकू असं वाटतं, पण किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येत नाही. अर्जित रजाच वाढवली तर मधला शनिवार-रविवारही धरला जातो आणि पाचाचे आठ दिवस होतात. म्हणून प्रवेश घेतानाच अभ्यासकेंद्राला विचारा: तोंडी परीक्षा शनिवारी होईल का? नाहीतर ती वेगळ्या आठवड्यात ठेवून तेव्हा किरकोळ रजा घ्या.

वेळापत्रक साहेबांपुढे तोंडी मांडू नका. कोर्सची परवानगी आधी लेखी घ्या, मग एका पानाचा तक्ता द्या: रजेच्या तारखा, आगेमागे जोडायच्या सुट्ट्या, रजेचे दिवस, त्या काळात कार्यभार कोणाकडे आणि त्या सहकाऱ्याची सही. ही सही आमच्या मते तक्त्यातली सर्वांत वजनदार गोष्ट आहे, कारण साहेबांचा पहिला प्रश्न तोच असतो. तुमच्या शाखेकडे विधिमंडळाचे प्रश्न येत असतील तर अधिवेशनाचा काळ आणि मार्चअखेर टाळल्याचं तक्त्याखाली एका ओळीत लिहा.

तक्त्याला तत्त्वतः मान्यता मिळाली तरी रजा मंजूर झालेली नसते. प्रत्येक तुकड्याचा अर्ज वेगळा करा, त्यात सुट्ट्या जोडण्याची आणि गरज असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगी स्पष्ट मागा. चारही तुकडे एकाच अर्जात घातले आणि एका सत्राची तारीख बदलली, तर सगळा आदेश सुधारावा लागतो. तारीख बदललीच तर जुनी रजा रद्द झाल्याचा लेखी आदेश घ्या. तो नसेल तर तुम्ही कामावर हजर असूनही खात्यातून ते पाच दिवस वजा झालेले दिसू शकतात.