नजर वाचताना या चुका टाळा : सुझानाची दोन चित्रं

'पुरुषी नजर', म्हणजे बाईला पुरुषाने बघायची वस्तू म्हणून दाखवणं, हा शब्द एकदा कळला की शेवटच्या वर्षाची मुलं चित्राकडे नीट पाहायच्या आधीच तो वहीत लिहून मोकळी होतात. त्यावर मी सुझानाची दोन चित्रं शेजारी लावते. गोष्ट बायबलमधली आहे. बागेत आंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन म्हातारे गाठतात. 'ऐक, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराचा आळ घेऊ,' अशी धमकी देतात. ती नकार देते.

इटालियन चित्रकार तिंतोरेत्तोच्या व्हिएन्नातल्या चित्राबद्दल (साधारण 1555-56) मुलं चटकन म्हणतात, "म्हातारे टक लावून बघतायत, म्हणून पुरुषी नजर." चूक इथेच होते. म्हातारे तर कुंपणाच्या दोन टोकांना, कडेला आहेत. झेरॉक्सवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक नजरेचा बाण काढायला सांगा, आणि शेवटचा बाण स्वतःच्या डोळ्यापासून. मग दिसतं की सुझाना आरशात गुंग आहे आणि तिचं उजळलेलं शरीर मोकळं आहे ते आपल्यासमोर. चोरून बघणाऱ्यांपेक्षा आपल्यालाच जास्त दिसतं! शिवाय तो आरसा तिच्या हाती सोपवला की 'तीच स्वतःला न्याहाळते आहे' असं म्हणायची सोय होते. कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी 1972 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं.

दुसरी चूक इटालियन चित्रकर्ती आर्तेमिझिया जेंतिलेस्कीच्या चित्रापाशी होते, आणि ती हुशार मुलं करतात. "तिच्यावर बलात्कार झाला, म्हणून तिने अशी सुझाना रंगवली." पण चित्रावर सहीसोबत 1610 साल आहे. चित्रकार आगोस्तिनो तास्सीने तिच्यावर बलात्कार केला 1611 मध्ये, खटला चालला 1612 मध्ये. वर्गात मी आता चित्राखालची पट्टी झाकते आणि चरित्र शेवटी सांगते. मग मुलांना चित्रातच शोधावं लागतं. बाग नाही, आरसा नाही, थंड दगडी बाक आहे. दोघे पुरुष वरून कठड्यावर रेललेत, एकाचं बोट ओठावर, दुसरा त्याच्या कानात कुजबुजतोय. तिचं अंग पिळवटलंय, हात आडवे आलेत, तोंड फिरवलंय. तिला बाकावर बसण्यातही अवघड होतंय, हे कुणीतरी म्हणेपर्यंत मी थांबते.

इथून तिसरी चूक फार जवळ असते, 'बाईने काढलं म्हणजे स्त्रीची नजर'. एका मुलीने विचारलं होतं, "पण मॅडम, कपडे तर इथेही नाहीतच ना?" प्रश्न रास्त होता. विवस्त्र शरीर इथेही अगदी पुढ्यात आहे आणि बघणारा इथेही सुरक्षित अंतरावर उभा आहे. बदललंय ते इतकंच की तिचा नकार नजरेआड करून ते शरीर पाहता येत नाही. उत्तरपत्रिकेत एवढंच लिहिलं तरी मी पूर्ण गुण देते. 'पुरुषी नजर' हा शब्द त्यात आला नाही तरी चालतं.