कालवडीच्या पापणीचा रंग आणि खांद्यापुढची गाठ

पशुवैद्यकीच्या फायनल इयरला असताना फलटणकडे एका गोठ्यावर सरांसोबत गेलो होतो, खरं तर गाभण गाय तपासायला. पण कोपऱ्यात तीन महिन्यांची एचएफ क्रॉस कालवड मान खाली टाकून उभी होती. काका म्हणाले, "जंत झालेत तिला, आठ दिवसांपूर्वी औषध पाजलंय, फरक नाही." सर म्हणाले, तू बघ.

मी खालची पापणी ओढली तर आतला भाग गुलाबी नाही, कागदासारखा पांढरा. हिरड्याही तशाच. ताप 105. मग खांद्यापुढची गाठ, म्हणजे तिथली लसिकाग्रंथी चाचपली तर ती सुजून लिंबाएवढी. नवीन मुलं पापणी बघून जंतांवर येऊन थांबतात, गाठ चाचपायची राहून जाते. नुसत्या जंतांनी रक्त कमी झालं तर एवढा ताप आणि अशी गाठ सहसा नसते. शेपटीखाली आणि मांडीच्या आत गोचीड होते, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढे फुगलेले.

सरांनी विचारलं, लघवी बघितली का? नव्हती बघितली. दहा मिनिटं थांबलो, लघवी पिवळीच आली. कॉफीसारखी आली असती तर बबेसिया या गोचिडांतून येणाऱ्या दुसऱ्या रक्तपरजीवीकडे जास्त संशय गेला असता, त्याचं औषध वेगळं असतं.

कानाच्या शिरेतून थेंब घेऊन तिथंच काचेवर पातळ स्मिअर काढला आणि वाळवला. लॅबमध्ये मिथेनॉलने फिक्स करून गिम्सा रंग लावला. ऑइल इमर्शनखाली लाल पेशींमध्ये अंगठीसारखे बारीक ठिपके, भरपूर. थायलेरिया, गोचिडांतूनच पसरणारा रक्तातला परजीवी. इथं एक सांगतो, बरी झालेली जनावरंही असे थोडे ठिपके बाळगून असतात, त्यामुळे एक-दोन दिसले म्हणून लगेच निदान करू नका, ताप, गाठ आणि रक्त कमी हे जुळायला पाहिजे. आमच्या केसमध्ये तिन्ही जुळत होतं, पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 14 टक्के आला, जो साधारण 24 च्या वर असायला हवा.

वजन अंदाजे 60 किलो. थायलेरियावरचं बुपारवाक्वोन किलोला 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 150 मिलिग्रॅम, बाटलीत मिलीला 50 असतं म्हणून 3 मिली, मानेच्या स्नायूत. औषध परजीवी मारतं पण गेलेलं रक्त लगेच भरत नाही, म्हणून रक्त चढवायचं का यावर बोलणं झालं. कालवड उभी होती, दूध पीत होती, श्वास फार वाढला नव्हता, म्हणून सरांनी थांबायचं ठरवलं आणि काकांना सांगितलं, आडवी पडली किंवा दूध सोडलं तर रात्री पण फोन करा. ती रात्र मला झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा पीसीव्ही 22, पापणीवर फिकट गुलाबी रंग आलेला. पण गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटीत टॉर्च मारला तर आत गोचीड दाटीवाटीने बसलेले. जनावरावर औषध लावून भागणार नव्हतं, काकांनी त्याच आठवड्यात फवारणी करून फटी सिमेंटने लिंपायला घेतल्या.